बंद पोर्ट आणि पाठकोरे कागद

माझं घर पेणला आणि ऑफिस रोह्याला. ऑफिस म्हणजे घरांचे नकाशे काढायची दोन खोल्यांची जागा. तिथे एक चांगला संगणक, एक प्रिंटर, एक कॅमेरा आणि माझ्यापेक्षा जास्त काम करणारे एक सहकारी. मला वाटायचं, की आपण पेणला पलंगावर मांडी घालून बसावं आणि रोह्यातला संगणक चालवावा. आळशीपणाला हल्ली तंत्रज्ञान म्हणतात, त्यामुळे घरात कुणी हरकत घेतली नाही.

सुरुवातीला मी ऑफिसच्या राउटरमध्ये शिरून पोर्ट उघडायला गेलो. पोर्ट म्हणजे बाहेरच्याला आत यायचं दार, एवढं मी वाचलं होतं. चार संध्याकाळी खर्ची घालून दार उघडलं. बाहेरून कुणी येईना, मीसुद्धा नाही. शेवटी केबलवाल्याला बोलावलं. त्याने भिंतीला टेकून माझं सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, तुमचा बाहेरचा पत्ता तुमचा एकट्याचा नाय. अख्ख्या आळीला मिळून एकच पत्ता हाय. तुम्ही आपलं आतलं दार उघडून बसलाव, पण बिल्डिंगचं गेट आमच्याकडं."

"मग ते गेट उघडा."

"ते आमच्याबी हातात नाय," असं म्हणून तो चहा पिऊन गेला.

मग डोलवीच्या कारखान्यात संगणकांचं काम बघणारा माझा वर्गमित्र एका रविवारी आला आणि त्याने माझ्या सगळ्या यंत्रांचं एक खासगी जाळं बसवून दिलं. घरच्या लॅपटॉपवर, माझ्या फोनवर, ऑफिसच्या संगणकावर एकच सॉफ्टवेअर, एकाच खात्याने. प्रत्येकाला जाळ्यातला स्वतःचा पत्ता.

"आणि दार?" मी विचारलं.

"दार उघडायचंच नाही. दोन्हीकडची यंत्रं आतून बाहेर हाक मारतात. मधला एक सर्व्हर फक्त सांगतो, की कोण कुठे आहे. मग दोघं एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने बोलायला लागतात. राउटरला वाटतं, आपल्याच माणसाने बाहेर हाक मारली, हे त्याचं उत्तर आलंय. तो आत सोडतो."

"म्हणजे राउटरला फसवायचं."

"समजवायचं," तो म्हणाला. "आणि कधी थेट नाहीच जमलं, तर मधल्या टपालावरून जातं. पाकीट बंदच असतं, टपालवाल्याला वाचता येत नाही. फक्त जरा उशीर होतो."

प्रिंटर आणि कॅमेरा बिचारे अडाणी, त्यांच्यात हे सॉफ्टवेअर बसेना. म्हणून त्याने ऑफिसात तळहाताएवढी एक पेटी लावली. ती जाळ्यात राहायची आणि त्या दोघांच्या वतीने बोलायची. घरचे आणि ऑफिसचे आतले पत्ते एकसारखेच निघाले, कारण दोन्हीकडे केबलवाला एकच. गोंधळ नको म्हणून तेही त्याने ऑफिसात बदलून घेतले. जाताना दारात बूट घालता घालता म्हणाला,

"सध्या या जाळ्यात सगळे सगळ्यांशी बोलू शकतात. कुणी कुणाशी बोलायचं, याचे नियम लिहून टाक. दहा मिनिटांचं काम आहे."

"अरे, घरचीच तर माणसं आहेत," मी म्हणालो.

हे वाक्य मी नंतर बरंच ऐकलं, माझ्याच आवाजाची नक्कल करून, बायकोच्या तोंडून.

पुढे काही महिने मी असह्य झालो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला मी मठ्ठ्यासोबत सांगत असे, की माझा एकही पोर्ट उघडा नाही. तो बिचारा मान डोलवायचा. त्याला बहुतेक वाटायचं, की मी प्रकृतीबद्दल बोलतोय.

बायको पेणच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या संस्थेची एक शाळा रोह्यालाही आहे. यंदा दोन्ही शाळांना दहावीच्या सराव परीक्षेला एकच प्रश्नपत्रिका, आणि विज्ञानाची काढायचं काम पहिल्यांदाच तिच्याकडे आलं. आधी ते काम करणारे सर निवृत्त झाले होते, आणि "बाईंना जमेल का?" असं कुणीतरी तिच्या कानावर पडेल इतक्या हळू विचारलं होतं. म्हणून तीन आठवडे तिच्या टेबलाजवळ मला बंदी होती. सोमवारी अकराला लाखबंद पाकीट मुख्याध्यापकांच्या हातात द्यायचं होतं.

रविवारी माझा मेव्हणा जेवायला आला. त्याला जाळ्याची करामत दाखवावी म्हणून मी हाताला लागला तो लॅपटॉप घेतला. तो बायकोचा होता. त्याला जाळ्यात घेतलं, रोह्याचा प्रिंटर जोडला आणि एक पान सोडलं. फोनवर कॅमेऱ्यात दाखवलं: बघ, रोह्याला कागद बाहेर आला! प्रिंटर मी मुद्दाम कायम चालू ठेवतो, घरून सोडलेले नकाशे सकाळी सहकाऱ्यांना तयार मिळावेत म्हणून. मेव्हणा म्हणाला, "पण तिथं कुणी नाही ना घ्यायला?" मी त्याच्याकडे दयेने बघितलं.

सोमवारी सव्वाआठला आतून हाक आली. "अहो, प्रिंटर बंद आहे का? तीनदा दाबलं, एक पान येत नाही."

मी गेलो. शेवटी ज्या प्रिंटरवर छापलं तोच पुढे धरून चालायची त्या लॅपटॉपची सवय. पडद्यावर नाव होतं: ऑफिस, रोहा. मी फोनवर कॅमेरा उघडला. प्रिंटरच्या तोंडाशी पांढऱ्या कागदांची छान चळत बसली होती. चार पानांच्या तीन प्रती.

बायकोने फोन हातात घेतला, बघितलं, आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुमच्या सहकाऱ्यांची मुलगी यंदा दहावीला ना? आमच्याच रोह्याच्या शाळेत?"

"हो. पण माणूस सज्जन आहे."

"ते किती वाजता येतात?"

"साडेनऊ. निडीहून."

"त्यांना फोन करू नका. 'कागद बघू नका' म्हणालात, की देवमाणूसही बघेल."

तेवढ्यात कॅमेऱ्यात दार उघडलं आणि झाडणाऱ्या मावशी आल्या. खाडीकडच्या गावातून येतात, ऑफिसची एक किल्ली त्यांच्याकडे असते. मला कॅमेऱ्याचा स्पीकर आठवला. मी बटण दाबून म्हणालो, "मावशी!"

त्या दिवशी थेट रस्ता जमला नव्हता, सगळं मधल्या टपालावरून चाललं होतं. आवाज पोचायला वेळ लागत होता. मावशींनी आधी झाडू उचलला, मग छताकडे बघितलं.

"कोन हाय?"

"मी बोलतोय. कॅमेऱ्यातून."

"म्हंजे तुमी मना रोज बगताव व्हय?"

"नाही हो मावशी. ते प्रिंटरमधले कागद..."

"गेल्या मैन्यात मी खुर्चीत पाच मिंटं बसलेली, ती बी बगलाव?"

"मावशी, ते कागद उचला आणि उलटे करून खणात ठेवा. वाचू नका."

"चष्मा कुठं आनलाय मी वाचायला!" मावशी कागद उचलत म्हणाल्या. "ठेवते. त्याच्या आधी मोबाईल लावते चार्जिंगला, मेलाय तो."

आणि त्यांनी भिंतीतला एक प्लग काढला. पडदा काळा झाला. तो त्या तळहाताएवढ्या पेटीचा होता. प्रिंटर आणि कॅमेरा दोघंही एकदम मुके झाले. मावशींना फोन लावला तर बंद, कारण चार्जिंगला नुकताच लागला होता. ऑफिसचा संगणक जाळ्यात हिरवा दिवा लावून हजर होता. त्याला हात मात्र नव्हते.

"निघा," बायको म्हणाली.

मी मोटारसायकल काढली. वडखळ, नागोठणे, आणि मधला प्रत्येक ट्रक. सगळ्या रस्त्यात एकच विचार: मावशींनी कुठल्या खणात ठेवले? कारण मीच महिनाभरापूर्वी आरडाओरडा केला होता, की एका बाजूने छापलेले कागद फेकायचे नाहीत, पाठकोऱ्यांच्या खणात ठेवायचे. कच्चे नकाशे आम्ही त्यांच्याच पाठीवर काढतो. मावशींना आमच्या ऑफिसातला तो एकच खण माहीत होता.

दहाच्या सुमारास पोचलो. सहकारी टेबलाशी बसले होते. समोर खाकी पाकीट, तोंड चिकटवलेलं, आणि चिकटवलेल्या जागी त्यांची आडवी सही. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक गिऱ्हाईक घुम्यासारखं बसलं होतं.

"कच्चा नकाशा मागत होते हे," सहकारी म्हणाले. "मी पाठकोरे घातले आणि एक पान सोडलं. मग बाकीचे नीट लावताना बघितलं, कोरी बाजू कुठली ते. बघावंच लागतं, साहेब."

"मग?"

"वर दहावी, विज्ञान दिसलं. बाराही कागद पाकिटात घातले."

"तो नकाशा आमचा हाय," गिऱ्हाईक म्हणालं. "संडासाच्या टाकीचा."

"तो मिळणार नाही," सहकारी म्हणाले. "त्याच्या पाठीवर प्रश्न चौथा आहे."

मी सुटलो असं समजून पाकिटाला हात घातला. त्यांनी ते आपल्याकडे ओढलं.

"वहिनींना फोन लावा. तुमच्या हातात नको. तुमच्या हातातूनच आलंय ते इथं."

मी फोन लावून दिला. त्यांनी उभं राहून बोलायला सुरुवात केली, जणू मुख्याध्यापकांसमोर आहेत. "वहिनी, पाकीट बंद आहे. पण मी एक प्रश्न बघितला. भिंगाची आकृती. मी काही बोलणार नाही घरी. पण रात्री पोरगी पुस्तक घेऊन बसली आणि नेमकं भिंगाचंच पान वगळून पुढे गेली, तर माझं तोंड बघून तिला कळेल. ती हुशार आहे तशी. तुम्ही बदलाच."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बायको म्हणाली, "बदलते, भाऊ. सगळीच बदलते. आणि तुमच्या मुलीला सांगा, भिंग नीट करायला. तसंही यायला हवं तिला."

मुख्याध्यापकांना तिने स्वतः जाऊन सगळं सांगितलं. काय म्हणाले, ते तिने मला सांगितलं नाही. एका दिवसाची मुदत मिळाली एवढंच कळलं, आणि "बाईंना जमेल का?" विचारणाऱ्यांना माझ्यामुळे नवं काही मिळालं, हेही.

दुपारी मी नियम लिहायला बसलो. बायको मागे उभी राहून सांगत होती. "माझ्या लॅपटॉपवरून रोह्याकडे: काही नाही. रोह्याकडून माझ्या लॅपटॉपकडे: काही नाही. तुमच्याकडून माझ्याकडे: तेही नाही." शेवटी तिने तो लॅपटॉप जाळ्यातून काढूनच टाकायला लावला. खरंच दहा मिनिटांचं काम होतं.

रोह्यात मावशींनी पेटी परत लावली होती, पण कॅमेऱ्यासमोर आता फडकं टांगलेलं दिसत होतं. मी ते काढायला सांगितलं नाही.

संध्याकाळी नवी प्रश्नपत्रिका तयार झाली. बायकोने लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, प्रिंटरला वायर जोडली, आणि तरी समाधान होईना म्हणून राउटरचा प्लग काढून राउटर माझ्या हातात दिला.

"हा घेऊन बाहेर ओटीवर बसा. मी बोलावेपर्यंत आत यायचं नाही."

मी बसलो. मांडीवर राउटर, त्याची लोंबणारी वायर. आतून प्रिंटरचा आवाज यायला लागला. शेजारचे काका फाटकापाशी थांबून म्हणाले, "काय हो, काय बिघडलं?"

"काही नाही," मी म्हणालो. "सगळे पोर्ट बंद आहेत."