माझे आठ मजली फोल्डर

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मी बी.एड.ला प्रवेश घेतला. रोज सकाळी पोलादपूरहून एसटीने महाड गाठायचं आणि संध्याकाळी कुकर लावायला परत. वर्गात माझ्याहून वयाने मोठे फक्त प्राचार्य आणि फळा. नवऱ्याने त्याचा जुना लॅपटॉप दिला, आणि "आता शिकतेच आहेस तर नीट शीक" हा उपदेशही सोबत फुकट दिला.

नीट शिकायचं म्हणजे आधी नीट लावून ठेवायचं, अशी माझी समजूत. डी ड्राइव्हमध्ये मी फोल्डर उघडला, त्याच्या आत वर्ष, वर्षात सत्र, सत्रात विषय, विषयात घटक, घटकात उपघटक, उपघटकात टिपणं आणि टिपणांत पुन्हा 'स्वतः काढलेली' व 'झेरॉक्सवरून टाइप केलेली'. आठ थर झाले. नावंसुद्धा पूर्ण, एकही शब्द तोडलेला नाही. पहिला महिनाभर मी अभ्यास केलाच नाही, फोल्डर केले. समाधान मात्र अभ्यास केल्यापेक्षा जास्त मिळालं.

माझ्या बाकावर नाते गावची एक मुलगी बसायची. वय तेवीस, वडील कचेरीत कारकून. तिच्या लॅपटॉपवर एकच फोल्डर होता, त्याचं नाव 'अभ्यास', आणि आत शेकडो फायली नुसत्या ओतलेल्या. प्रत्येक फाइलच्या नावात विषयामागोमाग ती चार-पाच शब्द लिहायची: कोणता घटक, टिपण की प्रश्न, परीक्षेला येतं की नाही. शोधायच्या चौकटीत दोन शब्द टाकले की हवं ते वर यायचं.

"हे काय, उकिरडा?" मी विचारलं.

"उकिरड्यात वस्तू सापडते ताई," ती म्हणाली. "तुमचं कपाट हाय. त्यात वस्तू कुठं ठेवली ते आठवावं लागतं."

मला ते झोंबलं, कारण त्याच आठवड्यात माझी फजिती झाली होती. वाचन अक्षमतेचं टिपण मानसशास्त्रात ठेवायचं की समावेशक शिक्षणात, हे ठरेना म्हणून मी दोन्हीकडे एकेक प्रत ठेवली. नंतर एकीतल्या चुका दुरुस्त केल्या आणि चाचणीच्या आदल्या दिवशी दुसरीच पाठ केली. सरांनी उत्तरपत्रिकेवर लिहिलं, "हे कुठून आणलंत?" खरं उत्तर 'सहाव्या फोल्डरमधून' असं होतं.

तरी मी मागे हटले नाही. तिला म्हटलं, "तुझ्या ढिगात काय नाही ते कसं कळतं तुला?" माझ्याकडे 'मूल्यमापन' नावाचा रिकामा फोल्डर होता आणि तो रोज माझ्याकडे बघून दात काढायचा. तिने शोधून पाहिलं. मूल्यमापनावर तिच्याकडे एक ओळही नव्हती, आणि सत्र संपायला आलं होतं. पुढचे दोन दिवस ती ग्रंथालयात मूल्यमापन उतरवत बसली. ते माझे फार चांगले दोन दिवस गेले.

दुसऱ्या वर्षी लॅपटॉप इतका मंदावला की महाडच्या दुकानात फॉरमॅटला द्यावा लागला. मी शहाणपणाने फोल्डरांचं सगळं झाड आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. दुकानदाराने डी ड्राइव्ह काढूनच टाकला, सगळं एका सी ड्राइव्हमध्ये केलं. मी डेस्कटॉपवर नवा फोल्डर केला, त्याला 'फॉरमॅटनंतर परत आणलेलं सर्व अभ्यास साहित्य' असं भारदस्त नाव दिलं आणि पेन ड्राइव्हवरचं त्यात चिकटवलं. मध्येच खिडकी आली, इंग्रजीत काहीतरी: ठिकाणाचं नाव फार लांब आहे. खाली 'स्किप' होतं आणि 'सगळ्यांसाठी हेच करा' अशी चौकट. मी चौकटीत खूण केली, स्किप दाबलं आणि भात पाहायला गेले. त्यानंतर तो पेन ड्राइव्ह पुसून त्यावर पुतण्याच्या साखरपुड्याचा व्हिडिओ भरला.

कृती संशोधनाचा अहवाल द्यायला चार दिवस उरले तेव्हा मी तो उघडायला गेले. सातव्या थरापर्यंत सगळं जागेवर होतं, आठव्यात काहीच नव्हतं. सगळ्या विषयांत तेच. वरवरचं, म्हणजे अभ्यासक्रम, वेळापत्रक, सूचना, शिल्लक होतं. जे मी स्वतः काढलं होतं ते सगळ्यात खोल होतं, आणि तेवढंच गेलं.

दुकानदाराने समजावलं. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंत सगळे फोल्डर मिळून साधारण दोनशे साठ अक्षरांची मर्यादा असते. मराठीत काना, मात्रा, वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. डेस्कटॉपवरचं माझं भारदस्त नाव वर चढलं आणि तळाच्या फायली मर्यादेबाहेर गेल्या. "तुम्ही नावं ठेवलीत की निबंध?" त्याने विचारलं. पुसलेलंही कधीकधी परत मिळतं म्हणे, पण माझ्या पेन ड्राइव्हवर आता नवरदेव नाचत होता.

रविवारी दुपारी मी तिच्याकडे, नाते गावी गेले. ती त्यांच्या वाडीतल्या विहाराच्या खोलीत अभ्यासाला बसायची. माझी अनेक टिपणं तिने वेळोवेळी घेतली होती, एवढाच आधार. माझी हकिगत ऐकून ती हसली नाही, यासाठी मी तिची आजही ऋणी आहे.

तिने 'कृती संशोधन' शोधलं. दोनच फायली आल्या, दोन्ही तिच्या. मग 'कृति' ऱ्हस्व लिहून पाहिलं, मग इंग्रजीत. थोड्या आल्या, पण माझ्या नव्हत्या.

"एकच शब्द तीन तऱ्हेने लिहितेस, आणि मला शिकवतेस?" मी म्हणाले.

"थांबा," ती म्हणाली आणि अडखळली. "एक शब्द टाकून बघते. तुम्ही जरा तिकडं बघा."

मी तिकडे पाहिलं नाही. तिने 'काकू' असं टाइप केलं. पडदा भरून फायली आल्या. दोन वर्षांत माझ्याकडून घेतलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात शेवटी 'काकू' होतं. काहींना 'काकू रटाळ', एका टिपणाला 'काकू भारी'. तोंडावर दोन वर्षं ताई.

"माझं वय पस्तीस आहे," मी म्हणाले.

"शोधायला सोपं पडतं म्हणून. ताई आपल्या वर्गात सात हायत."

एकेक फाइल उघडत गेलो. पाठ टाचणं मिळाली, प्रश्नावली मिळाली, अहवालाचा मधला खर्डा मिळाला. शेवटचं प्रकरण तिने घेतलंच नव्हतं. ते मी तीन दिवसांत नव्याने लिहिलं, आणि लिहिताना लक्षात आलं की जुनं फार लांबलं होतं. या वेळी निष्कर्ष दीड पानात मावले.

अहवाल दिल्यावर आम्ही कॉलेजच्या पायऱ्यांवर तह केला. फोल्डरचे दोनच थर, वर्ष आणि विषय. बाकी सगळं फाइलच्या नावात, जास्तीत जास्त तीन शब्द, आणि ते शब्दही आधी वहीत लिहिलेल्या यादीतलेच, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ नको. यादी करताना तासभर भांडलो. 'महत्त्वाचं' हा शब्द मी सुचवला आणि तिने खोडला. सगळ्यांनाच ते चिकटतं, मग काय उपयोग, असं तिचं म्हणणं होतं. त्याऐवजी तिने 'तोंडीला विचारतात' लिहिलं. मी ते 'तोंडी' एवढंच केलं, कारण अक्षरं मोजायची सवय आता मला लागली होती.

आम्ही दोघीही पास झालो, ती माझ्याहून चार गुणांनी वर. ते चार गुण मूल्यमापनाच्या पेपरातले होते.