खरंच लिहिलं तरच वाजेल

आमच्या इमारतीचे पंपवाले काका रोज सकाळी सहाला पाणी सोडायचे आणि ग्रुपवर लिहायचे, "पाणी सोडले." एकवीस वर्षांच्या नोकरीत याहून लांब काही लिहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्या दोन शब्दांवर आम्ही एकशे दहा घरांचे लोक अंगठे द्यायचो. तेवढ्यानेच आपण फार माणुसकी दाखवली, असं वाटायचं आम्हाला.

एकदा ते टाकीच्या शिडीवर असताना फोन खिशात सारखा थरथरत होता. उतरल्यावर म्हणाले, "साहेब, याचं तोंड बंद करता येईल का? एक दिवस पडेन वरून."

मी ऐटीत फोन घेतला. सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे ग्रुपच्या खाली रिअॅक्शनचं वेगळं बटण होतं, ते बंद केलं. "तुमच्या मेसेजवर कुणी अंगठा दिला तर आता फोन गप्प राहील. कुणी खरंच लिहिलं तरच वाजेल."

"मग बरं," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात काकूंचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी सकाळी काकांनी आयुष्यातला सगळ्यात लांब मेसेज लिहिला: "बायकोचे उद्या ऑपरेशन आहे. ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे. दोन माणसे मिळाली तर उपकार होतील. संध्याकाळी पाचपर्यंत."

मी ऑफिसात होतो. वाचलं, वाईट वाटलं, मेसेजवर अंगठ्याऐवजी जोडलेले हात दाबले आणि कामाला लागलो. एवढ्या लोकांतून कुणीतरी जाईलच की! माझा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे. हेल्मेटच्या मागे मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेला आहे, आणि ते हेल्मेट काका रोज बघायचे.

हॉस्पिटलच्या बाकावर ते फोन हातात धरून बसले होते. फोन वाजला नाही. त्यांना वाटलं, रेंज नसेल. म्हणून उठून फाटकापर्यंत जाऊन आले. पाच वाजता त्यांनी स्वतःच ग्रुप उघडला. मेसेजखाली चौऱ्याहत्तर जोडलेले हात होते. त्यावर बोट ठेवलं की नावं दिसतात. त्यांनी सगळी वाचली. उत्तर एकाचंही नव्हतं.

ऑपरेशन पुढे ढकललं.

हे मला काकांनीच नंतर सांगितलं, माझ्याकडे न बघता. "तुम्ही फोन बरोबर लावून दिला होता, साहेब. खरंच लिहिलं असतं तर वाजला असता."

ज्या दिवशी ऑपरेशन व्हायचं होतं, त्या सकाळी काका कामावर आले नाहीत, हॉस्पिटलमध्येच होते. पाणी सुटलं नाही. सव्वासहापर्यंत त्यांचा फोन एकतीस वेळा वाजला. लोकांनी अगदी पूर्ण वाक्यं लिहिली होती.

सगळ्यात पहिला मेसेज माझा होता. "काका, पाणी?"