ॲप्रनवर माझं तोंड

माझ्या लेकीनं क्रांती चौकाजवळ हॉटेल काढलं. हॉटेल म्हटलं की ती चिडते, रेस्टॉरंट म्हण म्हणते. मी सगळा संसार बजाजनगरात केला. तिथं आम्ही चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतो, आणि या वयात माझी जीभ काही वळायची नाही. धपाटे, येसराची आमटी, भाकरी, ठेचा, सगळं माझ्या हातचं. म्हणून हॉटेलची खूण म्हणजे आईचा चेहरा, असं तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. वाढणाऱ्या पोरांच्या ॲप्रनवर, शर्टावर, पार्सलच्या पिशवीवर, सगळीकडं मी.

आता माझ्या तोंडाचं सांगायला हवं. चाळिशीत वरच्या ओठाच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका उठला आणि हळूहळू हनुवटीपर्यंत उतरला. कोड. डॉक्टर म्हणाले, हे कुणाला लागत नाही, दुखत नाही, नुसतं दिसतं. नुसतं दिसतं म्हणे! पुढं देवगाव रंगारीला भावकीत लग्न होतं. मी पंगतीत पोळ्या वाढत होते, तर चुलत जाऊबाईंनी हातातलं ताट हळूच काढून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्ही दमला असाल, जरा बसा. मी काही दमले नव्हते. त्या दिवसापासून मी कातडीच्या रंगाचं मलम लावल्याशिवाय दारात दूधसुद्धा घेतलं नाही.

तर कपड्यांचं ठरवायला एक डिझायनर पोरगी घरी आली. पोरगी हुशार. माझ्या दिवाणावर कापडाचे तुकडे मांडले आणि मोबाइलनं एकेकाचा फोटो काढून दाखवायला लागली. बारीक रेघांचं कापड फोटोत लाटा आल्यासारखं थरथरतं, म्हणून रेघा नको. काळ्यावर पीठ दिसतं, आणि फोटोत काळ्याच्या घड्याच दिसत नाहीत, नुसता डाग पडल्यासारखं होतं. शेवटी वांगी रंगाचा शर्ट आणि त्यावर मांजरपाटासारखा कोरा, पांढुरका ॲप्रन, असं ठरलं. कोऱ्यावर हळद बसंल, असं तीच म्हणाली होती, पण लेकीला तो रंग भारी आवडला. चेहरा पोटावर नको, छातीवर घ्या, ट्रे धरला की पोट झाकतं. गिऱ्हाईक फोटो काढतं ते ताट ठेवताना, आणि तेव्हा पोरगा वाकलेला असतो, छातीच चौकटीत येते. पाठीवर हॉटेलचं नाव मोठं, पण खांद्यांच्या जवळ, कारण खाली ॲप्रनची गाठ येते. पार्सल घेऊन जाणाऱ्या पोरांच्या पाठीवर पिशवी असते, त्यांचं नाव बाहीवर. म्हणजे सिग्नलला शेजारी उभा राहणारा वाचेल. मी चहा देता देता ऐकत होते. एवढा विचार लोक शर्टाचा करतात, हे मला माहीत नव्हतं.

चित्र काढायला लेकीनं त्या डिझायनर पोरीला माझा जुना फोटो दिला. लेक तेव्हा दुसरी-तिसरीत असेल, मी अंगणात उभी, डोईवर पदर, तोंड स्वच्छ. ओठाचं ना लेक काही बोलली, ना मी. ॲप्रनचा नमुना आला तेव्हा मी वरवर कुरकुरले. पोरं माझ्या तोंडाला हात पुसणार, रश्श्याचे शिंतोडे नाकावर घेऊन मी टेबलाटेबलाला हिंडणार, शोभतं का हे, असं म्हटलं. पण लेक आत गेली तशी मी तो ॲप्रन उचलून आरशापाशी नेला. तपकिरी भरीव चेहरा, गोल कुंकू, हसरे ओठ, आणि ओठाखाली काहीही नाही. इतका आनंद झाला मला, की माझी मलाच लाज वाटली.

हॉटेल चाललं. लई चाललं. लोक ॲप्रनचे फोटो काढायचे, पोरांना विचारायचे, या आजी खऱ्या आहेत का? खऱ्या म्हटलं की त्यांना माझ्यासोबत फोटो हवा असायचा. लेक आत यायची, आई, दोन मिनिटं बाहेर ये ना. मी म्हणायची, हात पिठात आहेत. ती पुन्हा यायची, मी तव्यावर भाकरी आहे म्हणायची. खरं म्हणजे वाफेनं मलम उतरलेलं असायचं. बाहेरच्यांनी मला बघितलं असतं, तर आधी ॲप्रनकडं, मग माझ्याकडं, मग आपल्या ताटाकडं बघितलं असतं. लेकीनं कर्ज काढून हॉटेल टाकलं होतं. आपल्या तोंडापायी तिच्या दारातून एक माणूस जरी परत गेलं असतं, तरी मी स्वतःला माफ केलं नसतं. काही दिवसांनी तिनं बोलवायचं सोडलं, आणि मला बरं वाटलं.

मग ॲप्रन बिघडायला लागले. आधी कपाळावर बारीक भेगा, मग रंगाचे पापुद्रे निघाले, आणि निघाले तेही नेमके तोंडापाशी, कारण पोरं हात पुसायची ती तिथंच. तपकिरी चेहऱ्यावर खालचं कोरं कापड दिसायला लागलं. लेकीनं छपाईवाल्याला बोलावलं. तो वाळूजच्या कंपन्यांचे गणवेश छापणारा माणूस, सरळमार्गी. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. दोघं टेबलापाशी ॲप्रन पसरून उभे, मी आत, ताटं द्यायच्या खिडकीपलीकडं, कणीक मळत होते. तो समजावत होता की कंपनीचं नाव बारीक अक्षरांत असतं म्हणून टिकतं, इथं सगळा चेहरा म्हणजे रंगाचा एकच जाड थर, त्यात हळद काढायला ब्लीच, वरून छपाईवरच इस्त्री, मग तडकणारच. लेक काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. तिनं एक ॲप्रन त्याच्यापुढं धरला.

"बघा की हे. कोड फुटल्यासारखं दिसतंय. हे बघून कोण जेवंल इथं?"

 छपाईवाल्याची नजर खिडकीतून माझ्याकडं गेली, आणि बिचाऱ्यानं घाबरून ती लगेच ॲप्रनवर वळवली. लेकीनं मागं वळून पाहिलं. मी मान खाली घालून मळत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा राग नाही आला, खोटं कशाला सांगू. आली ती लाजच. वाटलं, इतकी वर्षं मी जे झाकलं ते हिला रोज दिसत होतं, आणि हिलाही ते बघून तसंच वाटतं. जावेनं ताट घेतलं तेव्हा मी घरी येऊन रडले होते. या वेळी रडूसुद्धा आलं नाही. छपाईवाला गेल्यावर लेक आत आली, आई, मी ॲप्रनचं म्हणत होते, म्हणाली. व्हय, ॲप्रनचंच, मी म्हटलं आणि तिला सरक म्हणाले, कारण ती पिठाच्या डब्यापुढं उभी होती.

नंतरचे दिवस ती माझ्याशी पाहुण्यांशी बोलतात तसं हळू बोलायची. मला जास्तच कसंतरी व्हायचं. मग एका सकाळी, हॉटेल उघडायच्या आधी, तिनं मला बाहेर बोलावलं. सगळी पोरं रांगेत उभी होती. टेबलावर नवा ॲप्रन, आता वांगी रंगाचा, आणि छपाईच्या जागी मशीनवरचं भरतकाम. रंगाचा थर नाही, नुसत्या पिवळट धाग्याच्या रेघा, धुवून निघणार नाहीत अशा. पदर, कुंकू, डोळे, सगळं बरोबर. आणि ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत तोच धागा भरून काढलेला, ठसठशीत. माझा डाग. लेकीचे डोळे भरले होते. ती सगळ्यांसमोर म्हणाली की हीच माझी खरी आई, आणि आता हाच आपला चेहरा. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं. जे मी नवऱ्यासमोर उजेडात कधी उघडं ठेवलं नाही, ते आता बाहेरचे लोक मोबाइलवर मोठं करून बघणार. पोरांची तोंडं हसरी होती, त्यांचा काही दोष नव्हता. मी चांगलं झालंय म्हटलं आणि आत गेले. पण आत गेल्यावर गॅस पेटवायचं सुचेना.

लेक मागोमाग आली. ॲप्रन हातातच होता. मला वाटलं तुला आवडंल, म्हणाली. मी म्हटलं, पहिल्यांदा डाग काढून टाकलास तेव्हा विचारलं नाहीस, आता घातलास तेव्हाही नाही.

"पहिलं तर तुला आवडलं होतं," ती म्हणाली. "आरशापुढं धरून उभी होतीस. मी पाहिलं."

"व्हय, आवडलं होतं. त्याचीच तर लाज वाटते."

ती पिठाच्या डब्यावर बसली.  मग तिनं विचारलं, तू बाहेर का येत नाहीस, खरं सांग. मी सांगितलं. लोक उठून गेले तर तुझं हॉटेल बसेल, म्हणून येत नाही. तिला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, ती मला गिऱ्हाइकांपुढं दाखवायला बोलावते म्हणून मी चिडते, मला मिरवायचं नसतं. एकाच घरात राहून आम्ही काय काय समजून बसलो होतो! मग तिनं, आई, काय करू सांग, असं विचारलं. मी म्हटलं, चेहरा नको. नाव ठेव फक्त.

तिनं वाद घातला नाही. शिवणाच्या डब्यातलं ब्लेड आणलं, ॲप्रन उलटा केला आणि मांडीवर ताणून धरला. भरतकाम मागून उसवायचं असतं, पाठचा दोरा कापला की पुढचा आपोआप सुटतो. तिनं बोटानं चाचपून जागा शोधली. बोट ओठाच्या कोपऱ्यावर थांबलं. माझ्यासाठी म्हणूनच ती तिथून सुरुवात करणार होती, मला कळत होतं. त्या जागी माझं सोडून आजवर कुणाचंच बोट लागलं नव्हतं, आणि मीसुद्धा मलम लावायलाच तिथं हात नेला होता. ब्लेडचं टोक टाक्यात शिरलं, तसा माझा हात तिच्या हातावर गेला.

"तिथून नको," मी म्हटलं. "ते सगळ्यात शेवटी काढ."