लाल बिनमधले ब्रॅकेट

चाकणच्या कारखान्यात क्वालिटी सांभाळताना शोधनिबंध वाचावा लागेल असं वाटलं नव्हतं. लागला. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटवरचे तडे आणि छिद्रं कॅमेऱ्याने ओळखणारं एआय मॉडेल आमच्याच कंपनीच्या डेटा टीमने बनवलं होतं, आणि त्यावर इंग्रजीत निबंध लिहिला होता. लेखकांत प्लँटच्या साहेबांचंही नाव होतं. त्यांनी तो वाचल्याची अफवा मात्र कुठे नव्हती. कॅमेरा लाइनवर बसवायला माझी सही झाली की तपासणीच्या टेबलावर डोळ्यांनी ब्रॅकेट पाहणाऱ्या बायकांचं कंत्राट बंद होणार होतं.

मी निबंध घरी, रावेतला नेला आणि रविवारी भाजी निवडून झाल्यावर पेन घेऊन बसले. आधी तुलना कोणाशी ते पाहिलं. फोटोतला काळा भाग मोजणाऱ्या एका जुनाट प्रोग्रामशी, त्याचीही सेटिंग नीट न जुळवता. फुकट मिळणारं तयार मॉडेल आपल्या फोटोंवर शिकवून पाहिलेलं नव्हतं, टेबलावरच्या बायकांशी तर तुलनाच नव्हती. पैलवानाने बालवाडीत जाऊन कुस्ती मारावी, तसं. मग अचूकतेचा आकडा पाहिला. मॉडेल पाच वेळा शिकवलं होतं. छापला होता सर्वांत चांगल्या खेपेचा, सरासरी कुठेच नव्हती. फोटो सगळे दिवसपाळीचे, लख्ख उजेडातले.

एक गोष्ट मात्र कळेना. आमच्याकडे खराब माल मुळात कमी, मग खराब ब्रॅकेटचे एवढे फोटो आले कुठून? सोमवारी टीमच्या डॉक्टरेटवाल्या प्रमुखाला विचारलं. तो खुशीत म्हणाला, "लाल बिनमधले, नापास झालेलेच परत परत कॅमेऱ्यासमोर लावले, मॅडम. थोडं फिरवून. मग सगळे फोटो मिसळून काही शिकवायला घेतले, काही परीक्षेला."

"म्हणजे एकच ब्रॅकेट शिकवणीलाही आणि परीक्षेलाही?"

"फोटो वेगळे आहेत ना."

पेपर आधी फोडायचा आणि पोरगं पहिलं आलं म्हणून पेढे वाटायचे, असा हा प्रकार. प्रत्येक ब्रॅकेटवर नंबर ठोकलेला असतो. एका नंबरचे सगळे फोटो एकाच बाजूला ठेवा आणि मॉडेल पुन्हा शिकवा, एवढंच मी सांगितलं. तयार मॉडेललाही तसंच शिकवायला लावलं.

आठवड्याने निकाल आला. न पाहिलेले बरेचसे खराब ब्रॅकेट आता 'चांगले' म्हणून सुटत होते, आणि फुकटचं मॉडेल त्यांच्या मॉडेलच्या थोडं पुढेच होतं. डॉक्टरसाहेब दिवसभर कॅन्टीनला दिसले नाहीत.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुम्ही आता पीएचडी करताय की काय? निबंध परिषदेत स्वीकारला गेलाय. आकडा कसा बदलायचा?"

"आकड्याचं तुम्ही बघा, सर. ग्राहकाकडून तडा गेलेला ब्रॅकेट परत आला की उत्तर मला द्यावं लागतं. मी सही करणार नाही."

टेबल चालू राहिलं. बायकांचं कंत्राटही वाढलं. साहेबांनी कॅमेरा कंपनीच्या दुसऱ्या प्लँटला पाठवायचं ठरवलं. तिथल्या क्वालिटीवाल्याला वाचायला वेळ नसतो म्हणे. मी त्याच संध्याकाळी त्याला फोन केला आणि लाल बिनपासून सुरुवात केली.