न मोजायचा नग

सोलापुरात भवानी पेठेतल्या टॉवेलच्या एका गोदामात सिद्धलिंगप्पा एकतीस वर्षं आहेत. ‘नोकरीला आहेत’ म्हटलेलं त्यांना आवडत नाही. दिवसा गोदाम आपल्याकडं असतं आणि रात्री देवाकडं, एवढं ते मान्य करतात. पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि काखेत लाल कापडाच्या बांधणीची वही. लग्नकार्यात चार माणसं जमली, की कुणी नातवाचा फोटो दाखवतं, कुणी नव्या घराचा. अप्पा वहीविषयी सांगतात.

“एकतीस वर्षं झाली. वही आन् माल, एका नगाचा फरक न्हाय.”

हे त्यांनी व्याह्यांना सांगितलेलं आहे, डॉक्टरांना सांगितलेलं आहे, आणि एकदा बसस्टँडचा रस्ता विचारणाऱ्या परगावच्या माणसालाही सांगितलेलं आहे. त्या माणसाची बस चुकली, पण वहीबद्दल त्याच्या मनात कसलीही शंका उरली नाही.

थोरल्या मालकांचा मुलगा राजशेखर धंद्यात आला आणि त्यानं टॉवेल मोबाईलवरून विकायला काढले. ऑर्डरी इतक्या वाढल्या, की माल बांधायला जागा पुरेना. जिन्यात बसून माल बांधायची वेळ आली, तेव्हा राजशेखरनं ठरवलं, की सगळा माल पुणे रस्त्यावरच्या एका मोठ्या गोदामात हलवायचा. हे गोदाम म्हणजे मालाचं पाळणाघर. दहा कंपन्यांचा माल तिथं नांदतो. माल उतरवून घेणं, ठेवणं, ऑर्डर आली की काढून बांधून पाठवणं, सगळं तीच माणसं करतात.

“म्हंजे आपली लेकरं दुसऱ्याच्या घरी ठेवायची,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, तिथं रॅक आहेत, कॅमेरे आहेत, कंप्युटर आहे.”

“आन् माणूस?”

“माणसंही आहेत.”

“मग बघू की.”

राजशेखरनं एक अट मात्र घातली होती. माल हलवल्यावर सात दिवस कंप्युटर आणि अप्पांची वही बरोबरीनं चालवायची. प्रत्येक ऑर्डर दोन्हीकडं लिहायची, रोज संध्याकाळी दोन्हींची शिल्लक ताडून बघायची. सात दिवस जुळलं, की सही करून कारभार कंप्युटरकडं. जुळलं नाही, तर चूक कुणाची ते शोधायचं. अप्पांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, “चूक वहीची निघाली, तर दुसऱ्या दिवशी मी घरी. परत गोदामाचं तोंड बघणार न्हाय.”

हे ते हसत म्हणाले नव्हते, म्हणून बाकीचेही हसले नाहीत.

नव्या गोदामाकडून हे काम महेश्वरी नावाच्या मुलीकडं आलं. नवा व्यापारी आला, की त्याचा माल, त्याच्या सवयी आणि त्याची माणसं गोदामात रुळवायची, ही तिची नोकरी. माल रुळवणं त्यातल्या त्यात सोपं. ती लॅपटॉप घेऊन भवानी पेठेत आली. आधी मालाची यादी करायची होती. प्रत्येक प्रकाराला एक नंबर, एक बारकोड, आणि गठ्ठ्यात किती नग ते.

“हा कुठला प्रकार, अप्पा?”

“जावईबापूचा.”

“नाव सांगा ना.”

“तेच नाव हाय. जाड पांढरा, जावई आल्यावर काढायचा. त्याच्या शेजारचा न्हाव्याचा. आन् तो चौकडीचा नातेपुत्याचा, कारण तो नातेपुत्याच्या बाजाराशिवाय कुटंच खपत न्हाय.”

“गठ्ठ्यात किती?”

“कशाच्या? जावईबापूचा सहाचा, न्हाव्याचा चोवीसचा. न्हाव्याला जास्त लागतात, जावयाला कमी. जावई रोज येत न्हाय, कृपा हाय.”

महेश्वरीनं सगळं लिहून घेतलं. तीनशे शहाऐंशी प्रकार झाले. कंप्युटरवाल्या शिवशरणनं त्यांना नंबर दिले आणि अप्पांचं नावही कंसात ठेवलं, कारण त्याशिवाय राजशेखरलाही काही सापडत नव्हतं.

मग दोन दिवस ऑर्डरी बंद ठेवून टेम्पोनं माल हलला. नव्या गोदामात प्रत्येक नग मोजून उतरवला, बारकोड लागले, आणि तो आपापल्या खणात जाऊन बसला. मोजणीचा आकडा वहीशी ताडायला राजशेखर, महेश्वरी, शिवशरण आणि अप्पा टेबलाभोवती बसले.

तीनशे शहाऐंशी नग जास्त निघाले.

गोदामात माल कमी निघाला तर काय करायचं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. सगळे एकमेकांकडं संशयानं बघतात. जास्त निघाला तर कुठं बघायचं, हे कुणालाच कळेना. महेश्वरीनं ओळीवर बोट फिरवलं. प्रत्येक प्रकारात बरोबर एक नग जास्त होता. जावईबापूचा एक, न्हाव्याचा एक, नातेपुत्याचा एक.

“ही माझी चूक असणार,” शिवशरण म्हणाला. “सूत्रात कुठंतरी अधिक एक पडलंय.” त्यानं दिवसभर फाईल तपासली, जेवला नाही, आणि संध्याकाळी कळवलं, की सूत्र निर्दोष आहे. पन्नास खण पुन्हा हातानं मोजले. माल खरोखरच एक-एक जास्त होता.

तेव्हा राजशेखरच्या तोंडून निघून गेलं, “अप्पा, वही चुकली का?”

त्यानं ‘हा एक-एक कसला?’ असं विचारलं असतं, तर गोष्ट तिथंच संपली असती. पण चारचौघांत वहीवर शब्द आला. अप्पांनी वही मिटली, काखेत घेतली आणि रुसले. सोलापूरचा माणूस भांडला तर परवडतो, तासाभरात चहा पाजतो. रुसला तर उन्हाळा संपेपर्यंत थांबावं लागतं.

दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर होत्या, थांबायला वेळ नव्हता. महेश्वरीनं मार्ग काढला. मोजलेला माल कंप्युटरमध्ये चढवायचा, वही आहे तशी ठेवायची, आणि ‘सुरुवातीचा फरक तीनशे शहाऐंशी’ असं कागदावर नोंदवायचं. रोज तेवढाच फरक राहिला, तर निदान कामकाज बरोबर चाललंय हे कळेल. कारण मागाहून शोधू.

पहिल्या दिवशी फरक तीनशे शहाऐंशी. महेश्वरी खूष.

दुसऱ्या दिवशी मोरपिशी मोठा टॉवेल बारा नग पाहिजे, अशी ऑर्डर आली. अप्पांनी वहीत बघून मौन सोडलं, “अकराच हायत.” कंप्युटर म्हणाला, बारा आहेत. कंप्युटरच्या सांगण्यावरून माणूस गेला, बाराही नग काढून घेऊन आला आणि माल रवाना झाला. वहीत अप्पांनी होते तेवढे अकराच वजा केले, शिल्लक शून्य. कंप्युटरवर बारा वजा, शिल्लक शून्य. फरक तीनशे पंच्याऐंशी.

अप्पा त्या रिकाम्या खणापाशी जाऊन उभे राहिले. भरल्या घरातून कुणी सगळी भांडी उचलून न्यावीत, तसा त्यांचा चेहरा झाला. मग वही काखेत घेऊन घरी गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी नेहमीची तपासणी झाली. मोरपिशीच्या खणात, जिथं शून्य माल होता, तिथं एक टॉवेल घडी घालून ठेवलेला. मोरपिशी नव्हे, पिवळट पांढरा, जुन्या काठाचा, नाफ्थलीनच्या गोळ्यांच्या वासाचा. बारकोड नाही. शिवशरणनं बारकोड वाचायचं यंत्र त्याच्यावर चारी बाजूंनी फिरवलं. यंत्र गप्प.

“माल चोरीला जाऊ नये म्हणून कॅमेरे लावलेत,” महेश्वरी म्हणाली. “आणून ठेवणाऱ्यासाठी लावावे लागतील असं वाटलं नव्हतं.”

कॅमेऱ्यात सकाळी पावणेदहा वाजता अप्पा दिसले. इकडंतिकडं बघून त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, खणात ठेवला, हात जोडले आणि चालू लागले.

महेश्वरीनं चित्र थांबवलं. राजशेखरला बोलावलं नाही. अप्पांसाठी खुर्ची ओढली आणि चहा मागवला.

“अप्पा, हा एक टॉवेल कसला?”

प्रश्न बरोबर होता. अप्पांचा रुसवा बशीत ओतलेल्या चहासारखा निवला.

“पोरी, खण मोकळा ठेवत न्हाईत. शेवटचा नग लक्ष्मीचा. थोरल्या मालकांच्या वडलांपासून हाय हे. नवा प्रकार आला, की पयला नग खणाच्या तळाला. तो विकायचा न्हाय, म्हणून वहीत धरायचा न्हाय.”

“मग मोजणीत सांगितलं का नाही?”

“विचारलं का कुणी? वही चुकली का म्हणून विचारलं. वही कुटं चुकली? विकायचा माल विचारा, बरोबर सांगते वही. देव्हाऱ्यातला देव घरातल्या माणसांत मोजता का तुमी?”

“आणि हा टॉवेल?”

“मालक दिवाळीला देतात, त्यातला हाय. आमची घरवाली नागम्मा ट्रंकेतून काढून देईना. म्हणाली, पाहुण्यांना ठेवलाय. मी म्हटलं, लक्ष्मीपेक्षा मोठा पाहुणा कोण हाय?”

महेश्वरी हसली नाही, निदान अप्पांसमोर नाही. तिनं शिवशरणला हाक मारली. सिस्टीममध्ये माल आहे पण विकायचा नाही, अशी राखीव जागा असतेच. त्यातला माल मोजणीत धरला जातो, पण ऑर्डरीला दिसत नाही. प्रत्येक प्रकारातला एक नग त्यात टाकला, की प्रश्न मिटला.

“सध्या त्यात डागाळलेला आन् फाटका माल असतो,” शिवशरण म्हणाला.

“लक्ष्मीला फाटक्यात बसवणार?” अप्पा उठून उभे राहिले.

“राखून ठेवायचं नवीन कारण बनवतो की, अप्पा! बसा.” आणि त्यानं टाईप केलं: ‘राखीव – लक्ष्मी’.

पांढरा टॉवेल मात्र महेश्वरीनं परत केला. ज्याचा नंबर नाही असा माल गोदामात ठेवता येत नाही, यावर ती ठाम होती. दोन दिवसांनी यंत्रमागावरून नवा मोरपिशी आला. पहिला नग राखीवमध्ये आणि बाकीचे विक्रीला गेले. मधले दोन दिवस खण मोकळा राहिला, तेव्हा अप्पांनी तिथं रोज एक फूल ठेवलं. फुलाची मोजणी कुणी केली नाही.

सात दिवस पुन्हा पहिल्यापासून धरले. रोज संध्याकाळी कंप्युटरच्या मालातून राखीव वजा करायचं आणि उरलेलं वहीशी लावायचं. रोज फरक शून्य. सातव्या दिवशी शिवशरणनं शेवटचा कागद छापला आणि राजशेखर आला. त्यानं कागद पाहिला, वही पाहिली.

“अप्पा, वही बरोबर होती. मीच चुकीचं बोललो.”

अप्पांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. मग म्हणाले, “काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला की, रॅकचा लई आवाज होतो.”

रॅकचा काहीही आवाज होत नव्हता. राजशेखर मोठ्यानं पुन्हा म्हणाला. पलीकडं माल बांधणाऱ्या चौघींनी माना वर केल्या. आता अप्पांचं समाधान झालं.

राजशेखरनं सहीचा कागद त्यांच्यापुढं सरकवला. अप्पांनी चष्मा लावून सगळ्या तीनशे शहाऐंशी ओळी वाचल्या, पाऊण तास. मग खाली कन्नडमध्ये सही ठोकली आणि शिवशरणकडं वळले.

“किती दिवस झाले ह्याला न चुकता?”

“सात, अप्पा.”

“सात,” अप्पांनी कंप्युटरवर मायेनं हात फिरवला. “शिकंल हळूहळू.”