आषाढातली दिवाळी

उदगीरचा गुलाम रसूल आमच्या नाटक कंपनीचे फोटो काढायचा, तेव्हा मी राजा व्हायचो. आता त्याची मुलगी दिलशाद माझे फोटो काढते आणि मी त्यांत आजोबा होतो. घसरण म्हणायची तर म्हणा, पण काम मिळतंय.

दिलशाद स्टुडिओत बसून फोटो विकणाऱ्या वेबसाइटवर चित्रं टाकते. जाहिरातवाले, मासिकवाले, शिकवणीवाले तिथून हवं ते उतरवून घेतात. गेल्या वर्षी तिने दिवाळीचे फोटो काढायचे ठरवले आणि सल्ला मागितला तो नेमका मला.

"एंट्री वेळेवर हवी," मी म्हणालो. "लक्ष्मीपूजनालाच काढ. खऱ्या पणत्या, खरा उजेड, खरा मी."

तिने ऐकलं. चाळीस फोटो पाडव्याला वेबसाइटवर चढले. एकूण दोन डाऊनलोड झाले. त्यातला एक मीच माझ्या भाच्याकडून करवला होता.

गुलाम रसूल तिला म्हणाला, "बेटा, पुढची दिवाळी बघतो. तोवर जमलं न्हाई तर दुकान मोबाईलवाल्याला देऊन टाकू. तो रोज विचारून राहिलाय."

दिलशादने मला स्क्रीनवर एक आलेख दाखवला. दिवाळीच्या फोटोंची मागणी ऑगस्टपासून वर चढत होती, दिवाळीच्या तीन-चार आठवडे आधी शिखरावर आणि ऐन दिवाळीत घसरगुंडीला.

"काका, कॅलेंडरं, जाहिराती, अंक आधीच तयार होतात. फोटो तपासायला वेबसाइटला दिवस लागतात, मग शोधात वर यायला आठवडे. तुम्ही पडदा पडल्यावर स्टेजवर आलात."

चाळीस वर्षं रंगभूमीवर काढल्यावर हे ऐकायला लागावं. पण बरोबर होतं.

म्हणून यंदा आषाढात आमच्या घरी दिवाळी झाली. बाहेर पाऊस, आत पडदे ओढलेले. कस्तुराबाईने, म्हणजे माझ्या पत्नीने, कुरकुरत चकल्या तळल्या. शेजारच्या शंकरप्पांनी पडद्याच्या फटीतून पणत्या पाहिल्या आणि तिला हळूच विचारलं, "भुजंगरावांची तब्येत बरी हाय ना?"

"हाय. डोकं तेवढं जरा लवकर दिवाळीला गेलंय," ती म्हणाली.

माझ्यामागच्या भिंतीवर मी मुद्दाम आमच्या कंपनीचं जुनं पोस्टर टांगलं. त्यावर माझा मुकुटधारी चेहरा. दिलशाद दिव्यांत गुंतली होती, तिने नीट पाहिलं नाही आणि मी काही सुचवलं नाही. राजाला वाटलं, तेवढीच प्रसिद्धी.

आठ दिवसांनी सगळेच्या सगळे फोटो परत आले. कारण: मागे दुसऱ्या कोणाची तरी कलाकृती दिसते, परवानगीचा कागद नाही. ते पोस्टर काढणारा चित्रकार केव्हाच वारला होता. परवानगी आणायची कुठून?

गुलाम रसूल कपाळाला हात लावून बसला. मी माफीचं भाषण सुरू केलं. दिलशाद मध्येच म्हणाली, "काका, बसा. मी तीन आठवडे हातात ठेवलेत. रद्द होणारच काहीतरी, हे धरूनच जुलैत काढले."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता?"

"विश्वास होता म्हणूनच तर ठेवले."

दुसऱ्यांदा पणत्या लागल्या. या वेळी भिंत मोकळी आणि मी मुका. दिलशादने आपली भाची तूबा आणि शेजारची पोरं हसताना टिपली. मी फक्त चकलीचं ताट धरलं. ताट हाताला जड झालं आणि माझा चेहरा आपोआप शांत झाला, असं दिलशादचं निरीक्षण. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोटो चढले, मंजूर झाले.

सप्टेंबरभर गुलाम रसूल रोज सकाळी चष्मा पुसून आकडे विचारायचा. आधी सहा, मग एकोणीस, मग त्याने विचारणं सोडून आकडे लिहायलाच घेतलं. जड ताटाचा फोटो सगळ्यांत पुढे होता. माझी एकही अदा त्यात नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी नवा कुर्ता घालून, फराळ घेऊन स्टुडिओत गेलो, अर्थात फोटोच्या आशेने. दारात मोबाईलवाला उभा होता. गुलाम रसूल त्याला सांगत होता, "न्हाई रे बाबा, आमचं चालू झालंय. दुसरं दुकान बघ."

आत दिलशादने दहावीची पुस्तकं मांडली होती. तूबा वेणी घालून, पेन चावत बसली होती.

"दिवाळी?" मी विचारलं.

"ती संपली, काका. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. फोटो नोव्हेंबरात चढायला हवेत. हा साधा शर्ट घाला आणि तिच्या हातावर दही ठेवा."

"संवाद?"

"एकही नाही."

मी कुर्ता उतरवला. तूबाने हात पुढे केला, "आजोबा, दही थोडंच ठेवा. मला खायचंय, भिजायचं न्हाई."