साहेबांच्या भाषणाआधीची पाच सेकंदं

नव्वदच्या दशकात मी बंगलोरला कारखान्यांसाठी फिल्म लिहायचे. यशवंतपूरच्या एका कारखान्याची सुरक्षेवरची फिल्म दीपप्रज्वलनाने आणि जनरल मॅनेजरांच्या भाषणानेच सुरू करायची, असा हुकूम होता. असल्या सुरुवातीला कामगार डुलक्या काढतात, हे सांगून मी थकले. शेवटी एडिटिंगला बसून शूटिंगची सगळी टेप पाहिली. भाषण चालू असताना वरून एक पाना साहेबांच्या पायाशी पडला होता. ते दचकून मागे सरले, तेव्हा हेल्मेट त्यांच्या काखेत होतं. तेच दृश्य मी पहिल्या पाच सेकंदांत लावलं आणि निवेदनात एकच वाक्य लिहिलं: ‘पाना हुद्दा बघून पडत नाही.’

साहेबांनी ते दोनदा पाहिलं. मी भांडायच्या तयारीत होते.

"सरी, हे राहू दे," ते कानडीतला होकार देत म्हणाले. "भाषण काढा."